थंड शहरात जाताना: इथून काय न्यावं, तिथे काय घ्यावं

काल तू सोबत न्यायच्या सामानाची यादी पाठवलीस, तेव्हा फोनवर घाईत उत्तर द्यायचं टाळलं. यादीत दोन जाड जॅकेटं, ट्रेकिंगचे बूट, चार स्वेटर आणि एक ब्लँकेट आहे. तू जाणार आहेस तशाच एका थंड शहरात मी तीन हिवाळे काढले. पहिल्या खेपेला माझी बॅगही जवळपास अशीच भरली होती. दोन जॅकेटांचे तीन किलो, बुटांचे पावणेदोन, स्वेटरांचे दीड आणि ब्लँकेटचे अडीच, म्हणजे तेवीस किलोंतले पावणेनऊ किलो त्यातच गेले. महिन्याभरानंतर त्यातला एकच स्वेटर अंगावर यायचा. बाकी सगळं कपाटात पडून राहिलं.

तेव्हापासून माझा हिशेब असा आहे: अंगाला चिकटणारं इथून न्यायचं, वाऱ्याला आणि बर्फाला भिडणारं तिथे घ्यायचं.

जॅकेटपासून सुरुवात करतो, कारण चूक तिथेच सर्वांत महाग पडते. जिथे थंडी चार दिवसांची पाहुणी असते, तिथली जॅकेटं हाताला जाड लागतात. पण ऊब जाडीत नसते, आत कोंडलेल्या हवेत असते, आणि ती हवा वाऱ्याने हलू द्यायची नसते. बाहेर उणे दहा अंश असताना ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं जाणवतं. माझ्या जॅकेटच्या चेनमागे झडप नव्हती, बाह्यांना आतून घट्ट पट्टी नव्हती आणि ते कंबरेवरच संपत होतं. बसथांब्यावर दहा मिनिटांत छाती आणि मनगटं गार पडायची, पाठ मात्र गरम राहायची. वारा कुठून शिरतोय हे ओळखायची ही सोपी खूण आहे: एकाच जागी गार वाटलं तर तिथे फट आहे, सगळीकडे वाटलं तर ऊब कमी आहे.

तिथे दुकानात आधी पिसांचं की कृत्रिम भरणाचं, हा प्रश्न येईल. इथे शहराचा स्वभाव बघायचा. पारा सतत उणे दहा-पंधराच्या खाली असेल आणि बर्फ कोरडा पडत असेल, तर पिसांचं जॅकेट वजनाला हलकं आणि उबेला सरस. पण पारा शून्याच्या आसपास खेळत असेल, कधी पाऊस, कधी ओला बर्फ, तर पिसं भिजून गोळा होतात आणि ऊब जाते. तिथे कृत्रिम भरण बरं, कारण ते ओलं झालं तरी बरीच ऊब राखतं. पिसांच्या लेबलवर सहाशे, सातशे असा आकडा असतो. तो पिसं किती फुलतात ते सांगतो, जॅकेटमध्ये पिसं किती आहेत ते नाही. म्हणून मोठा आकडा असलेलं पातळ जॅकेट छोटा आकडा असलेल्या जाड जॅकेटपेक्षा गार निघू शकतं. भरणाचं वजन दिलेलं असेल तर तेही वाच. घालून बघताना आत स्वेटर असू दे आणि दोन्ही हात वर कर. कंबर उघडी पडली तर ते जॅकेट तुझं नव्हे.

बुटांचं मी जरा जास्त सांगतो, कारण पाय गारठला की त्यावर वरून काही चढवता येत नाही. ट्रेकिंगच्या बुटाचा तळ दगडमातीसाठी असतो. थंडीत बरेच रबरी तळ कडक होतात आणि गुळगुळीत बर्फावर पकड सुटते. मी ते बूट दोन जोडी मोजे घालून वापरायचो आणि तरी बोटं बधिर व्हायची. कारण नंतर कळलं: मापाच्या बुटात दुसरा मोजा कोंबला की मोजा दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि बोटांकडचा रक्तपुरवठाही आवळला जातो. म्हणजे एक मोजा वाढवून मी पाय अधिकच गार करत होतो. तिथे बूट घेताना जाड लोकरी मोजा सोबत ने, शक्यतो संध्याकाळी जा (दिवसभरात पाय थोडा फुगतो), आणि बूट चढवल्यावर बोटं मोकळी हलतात का बघ. टाच मात्र उचलली जाता कामा नये. अमुक अंशांपर्यंत चालेल असा आकडा बुटावर लिहिलेला असतो, पण तो मोजायची सगळ्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नकोस.

आता इथून न्यायचं. थर्मलचे तीन जोड घे, कारण अंगाचं माप इथे निवांत जमतं आणि पहिल्या दिवसापासून ते लागतात. फक्त लेबल बघ: सुती नको. सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं आणि थांबल्यावर अंग गारठवतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर चालेल. ऑफिसचे रोजचे शर्ट-पँट इथूनच ने, कारण आत हीटर चालू असतो आणि खोलीत वीस-एकवीस अंश असतात. जाड स्वेटर घालून खुर्चीत बसलास तर घाम येईल, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर महागात पडेल. म्हणून चार स्वेटरांऐवजी एकच ने, चेनवाला, पटकन काढता येणारा. ब्लँकेट सोडून दे.

चष्म्याची दुसरी जोडी आणि नेहमीची औषधं इथून ने. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू दे, आणि तिच्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घे. क्रीमचा साठा मात्र तिथे घे. बाहेरची गार हवा घरात तापली की फार कोरडी होते, आणि तिथली क्रीमं त्या हवेसाठीच असतात. विजेच्या वस्तूंचं म्हणशील, तर ज्यावर 100-240V छापलंय तेवढंच बॅगेत टाक.

उरला पहिल्या दोन दिवसांचा प्रश्न: तू जानेवारीत उतरणार आणि अंगावर जॅकेट नसणार. त्यासाठी एक जोड वेगळा ठेव. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पावसाळी वाऱ्याबंद जाकीट, कान झाकणारी टोपी, लोकरी मोजे आणि बोटं एकत्र राहतील असे हातमोजे. वेगवेगळ्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा ते जास्त उबदार असतात. एवढ्यावर विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं निभतात, तासभर पायी भटकायला मात्र हे पुरायचं नाही. हा जोड हातातल्या बॅगेत ठेव, कारण मोठी बॅग मागे राहिली तर नेमका तोच अडकेल.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलास की आधी बूट घे, मग जॅकेट. दोन दिवस जॅकेटची उणीव फ्लीस आणि थर्मल भागवतील, बुटांची उणीव भागवणारं बॅगेत काहीच नाही.