दोन तासांचं लाइव्ह, दहा मिनिटांची गोष्ट: छाटायचं की वेचायचं?

समजा, माइनक्राफ्टचं दोन तासांचं लाइव्ह आहे, त्यातून दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय आणि कथानक ठरलंय: नेदरमधला किल्ला शोधून ब्लेझ रॉड मिळवणं.

पहिली पद्धत छाटण्याची. अख्खं रेकॉर्डिंग टाइमलाइनवर टाकायचं आणि शांतता, चॅटला दिलेली उत्तरं, खाणकाम काढत जायचं. सुरुवातीला भराभर कमी होतं, पण पुढे गाडी अडते. उरलेलं सगळंच बरं वाटतं, कारण प्रत्येक तुकड्याला आपण 'हा कंटाळवाणा आहे का?' एवढंच विचारतो. गावकऱ्यांशी झालेला मजेदार सौदा म्हणूनच तगून राहतो, किल्ल्याशी त्याचा संबंध नसला तरी.

दुसरी पद्धत वेचण्याची. एकदा दुप्पट वेगाने बघत वेळेच्या नोंदी करायच्या आणि रिकाम्या टाइमलाइनवर फक्त कथानकाचे तुकडे आणायचे: ध्येय बोलून दाखवणं, चुकलेली वाट, लाव्हात पडून गेलेलं सामान, दुसरी तयारी, किल्ला, रॉड. लाव्हाच्या प्रसंगाला दोन मिनिटं द्या. पडण्याआधीचा निर्धास्तपणा दिसला नाही, तर नुकसान जाणवतच नाही. दुसऱ्या तयारीला वीस सेकंद पुरतात.

मी वेचण्याच्याच बाजूने आहे. धोका एवढाच, की दुवे तुटतात: हातात अचानक नवी तलवार दिसते. तिथे स्वतःच्या आवाजात दुवा सांगणारं एक वाक्य घाला.

पार्श्वसंगीत मात्र दोन्हीकडे प्रत्येक कटला उडी मारतं. म्हणून ओबीएसमध्ये स्वतःचा आवाज, गेमचा आवाज आणि संगीत वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. नंतर वेगळं करणं फार अवघड जातं.