घरातील अन्नटंचाईची दवाखान्यात चौकशी : दोन प्रश्न की आठ?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत घरातील अन्नटंचाईची चौकशी सुरू करायची झाल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर मुख्यतः दोन साधने असतात. पहिले अमेरिकेत तयार झालेले दोन प्रश्नांचे आहे. गेल्या बारा महिन्यांत हातात पैसे येण्याआधीच घरातले अन्न संपेल अशी काळजी वाटली का, आणि आणलेले अन्न पुरले नाही व पुन्हा आणायला पैसे नव्हते असे घडले का, एवढेच त्यात विचारतात. यांपैकी एका जरी प्रश्नाला ‘नेहमी’ किंवा ‘कधीकधी’ असे उत्तर आले, तर त्या घरात टंचाई आहे असे धरतात. दुसरे साधन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, आठ प्रश्नांचे आहे. त्याची उत्तरे हो किंवा नाही अशी असतात, आणि प्रश्न काळजीपासून सुरू होऊन दिवसभर उपाशी राहण्यापर्यंत जातात.

दोन प्रश्नांना एक-दोन मिनिटे लागतात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी तेच टिकतात. लहान मुले असलेल्या अमेरिकी कुटुंबांवरील २०१० च्या अभ्यासात या प्रश्नांनी टंचाईतील शंभरपैकी ९७ घरे अचूक ओळखली, तर टंचाई नसलेल्या शंभरपैकी १७ घरांवर चुकीची खूण केली. हे आकडे यवतमाळ किंवा वाशीमच्या खेड्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण मूळ प्रश्न विकत आणलेल्या अन्नाचा आहे. इथे गहू-तांदूळ रेशनचा असतो आणि तूर किंवा ज्वारी घरच्या शेतातली, त्यामुळे डाळ-तेल संपून आठवडा झालेला असला तरी ‘विकत आणलेले पुरले नाही का’ यावर माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो. म्हणून ‘रेशनचे, शेतातले किंवा विकत आणलेले’ असे स्पष्ट विचारावे, आणि शब्द बदलल्यावर जुन्या अचूकतेचा दाखला देऊ नये.

बारा महिन्यांची मुदतही इथे अडचणीची ठरते. सोयाबीन हाती येण्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरातली ओढाताण डिसेंबरातल्या उत्तरातही ‘हो’ म्हणूनच उतरते. गेल्या महिन्याभरात असे झाले का, हा एक जोडप्रश्न त्यासाठी पुरतो. आठ प्रश्न मुळातच ३० दिवसांच्या मुदतीने विचारता येतात, पण त्यांचा खरा फायदा वेगळा आहे. ते त्या व्यक्तीपुरते विचारता येतात, त्यामुळे सर्वांचे झाल्यावर जेवणारी बाई ‘घरात आहे जी सगळं’ असे सांगत असली, तरी तिने स्वतः जेवण टाळले का हे कळते. अर्थात सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल, तर दोन्ही साधने सारखीच निकामी ठरतात.

एक नमुना उदाहरण घेऊ. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंच्या घरात सहा माणसे आहेत. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर मात्र चारच नावे आहेत, सुनेचे आणि दोन वर्षांच्या नातवाचे चढलेले नाही. माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला ३० ऐवजी २० किलो धान्य येते. दोन प्रश्नांना ‘कधीकधी’ हे उत्तर आले. त्यानंतर आठ प्रश्न विचारल्यावर समजले की महिन्याच्या शेवटी त्या दुपारचे जेवण टाळतात, गोळी मात्र सकाळी न चुकता घेतात. घाम आणि थरथर यांना त्या अशक्तपणा समजत होत्या. ती साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात, तेव्हा त्या वेळची साखर तपासणे आणि औषधाचा फेरविचार करणे हे डॉक्टरांचे काम त्याच दिवशी सुरू होते. माझ्या मते म्हणूनच दोन प्रश्न सर्वांना आणि आठ प्रश्न फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांना विचारावेत.

नोंदीसाठीही दोन पर्याय आहेत. रुग्णाच्या हाती चिठ्ठी देणे सोपे असते, पण पुढे काय झाले ते दवाखान्याला कळत नाही, आणि चिठ्ठीवर ‘घरी उपासमार’ असे लिहिले असेल तर ते रेशन दुकानदारही वाचतो. चिठ्ठीवर फक्त काम लिहावे : कार्डावर दोन नावे चढवणे. कारण आणि उत्तरे दवाखान्याच्या नोंदवहीत असावीत. आजारांच्या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अपुऱ्या अन्नासाठी Z59.4 हा संकेतांक आहे, तो केसपेपरवर लिहिता येतो. नोंदवहीत रुग्णाची संमती, पाठवल्याची तारीख, पुन्हा विचारण्याची तारीख आणि निकाल असे रकाने हवेत.

निकालाचा रकाना ‘पाठवले’ या शब्दाने भरला, तर तो रिकामाच समजावा. वरील कुटुंबाला तहसीलच्या पुरवठा शाखेत सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला आणि नातवाचा जन्मदाखला लागेल. नाव चढले तरी लाभार्थ्यांच्या संख्येची ठरलेली मर्यादा, म्हणजे इष्टांक, भरलेला असेल, तर धान्य सुरू होतेच असे नाही. म्हणून ‘नाव चढले’ आणि ‘धान्य मिळू लागले’ या दोन वेगळ्या नोंदी हव्यात. नातू तीन वर्षांच्या आतला असल्याने अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळण्यासाठी मात्र कार्डाची वाट पाहावी लागत नाही, ती जोडणी त्याच आठवड्यात करावी.

नोंदवहीची मेहनत मोठी आहे. ठरल्या तारखेला रुग्णाला किंवा आशाताईंना फोन करणारे माणूस नसेल, तर आधी मधुमेही आणि गरोदर स्त्रियांपुरतीच चौकशी सुरू करावी. रुग्ण आणि आशाताई एकाच गावच्या असतील, तर पाठपुरावा त्यांच्याकडे देण्यापूर्वी रुग्णाला विचारावे. नको म्हटल्यास फोन नर्सने करावा.