ओकाएरी की योकोसो, सायोनारा की इत्तेराश्शाइ : विमानतळावर जपानी जोडीदाराला काय म्हणावे

अमळनेरची एक मुलगी आणि ओसाकाचा एक मुलगा यांचे बोलणे आजवर केवळ फोनच्या पडद्यावर झाले आहे, आणि आता तो प्रथमच मुंबईच्या विमानतळावर उतरणार आहे, असे उदाहरण समोर ठेवू. ती जळगावहून रात्रीच्या गाडीने, सोबत आईला घेऊन निघणार आहे. त्याचे स्वागत जपानीत करायचे आणि आठवड्याने त्याला निरोपही जपानीतच द्यायचा, असे तिने ठरवले आहे. तोही मराठीचे चार शब्द पाठ करून येत आहे. नेमके कोणते शब्द निवडायचे हा प्रश्न मात्र दोघांपुढेही आहे, कारण शब्दकोशात शेजारीशेजारी दिलेले शब्द प्रत्यक्ष भेटीत एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

स्वागतासाठी शब्दकोशात पहिला सापडतो तो ‘योकोसो’. हा शब्द चुकीचा नाही, पण तो यजमानाचा आणि संस्थेचा शब्द आहे. हॉटेलच्या दारात, गावाच्या वेशीवरील फलकावर, पर्यटनाच्या पत्रकात तो शोभतो. जपानने २००३ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी जी मोहीम सुरू केली, तिचे घोषवाक्यच ‘योकोसो! जपान’ असे होते. जिवलग माणसाने हा शब्द उच्चारला तर ऐकणारा सुखावेल, पण आपण पाहुणे आहोत ही जाणीवही त्याला त्याच क्षणी होईल. याच्या अगदी उलट टोकाला ‘ओकाएरी’ आहे. घरी परतलेल्या माणसाला घरातले जे म्हणतात ते हे. नारिता विमानतळावर मायदेशी परतणाऱ्या जपानी प्रवाशांना ‘ओकाएरीनासाइ’ ही पाटी दिसते, तर परदेशी पाहुण्यांसाठी स्वागताचा मजकूर वेगळा असतो. ‘ओकाएरी’ला उत्तरही ठरलेले आहे : ‘तादाइमा’, म्हणजे ‘आलो’. दोन्ही मिळून एकच वाक्य पुरे होते असे म्हटले तरी चालेल.

म्हणून पहिल्या भेटीत ‘ओकाएरी’ वापरावे की नाही, याचा विचार नीट करायला हवा. ज्या गावात तो कधी आलेलाच नाही तेथे ‘परत आलास’ म्हणणे अर्थाच्या दृष्टीने बसत नाही, आणि तो क्षणभर गोंधळेल. दुसऱ्या भेटीत मात्र हाच शब्द सर्वांत मोलाचा ठरतो, कारण तेव्हा ‘तुझे घर येथेही आहे’ हे न सांगता सांगितले जाते. माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेस हा शब्द राखून ठेवावा आणि दुसऱ्या खेपेस निःसंकोच वापरावा. तो ‘तादाइमा’ म्हणाला, तर शब्द त्याच्यापर्यंत पोचला असे समजावे.

पहिल्या भेटीसाठी खरी निवड आहे ती ‘आइताकात्ता’ आणि ‘यात्तो आएता ने’ या दोहोंमध्ये. ‘आइताकात्ता’ म्हणजे ‘तुला भेटावेसे वाटत होते’. येथे काळाकडे लक्ष द्यावे लागते. फोनवर वर्षभर ‘आइताइ’, म्हणजे ‘भेटावेसे वाटते’, असे म्हणण्याची सवय झालेली असते, आणि प्रत्यक्ष समोर आल्यावर तोंडून तेच निघण्याची शक्यता फार असते. पण इच्छा पुरी झाल्यानंतर जपानीत ती भूतकाळात सांगतात. समोर उभे राहून ‘आइताइ’ म्हटले, तर भेट अजून झालेलीच नाही असा अर्थ होतो. ‘यात्तो आएता ने’ म्हणजे ‘शेवटी भेटलो ना एकदाचे’. यातील ‘ने’ आपल्या ‘ना’प्रमाणे समोरच्याला आपल्या भावनेत सामील करून घेतो. दोन्ही वाक्ये उत्कट आहेत, पण पहिले ‘माझ्या’ मनाविषयी आहे आणि दुसरे ‘आपल्या’ वाट पाहण्याविषयी. आई शेजारी उभी असताना, आणि जपानी माणूस मुळातच चारचौघांत भावना आवरून धरत असल्यामुळे, मला ‘यात्तो आएता ने’ अधिक योग्य वाटते. ‘आइताकात्ता’ टॅक्सीत बसल्यावर हळू आवाजात सांगता येते. ‘साबिशिकात्ता’, म्हणजे ‘एकटे वाटत होते’, हा तिसरा पर्याय खरा असला तरी भेटीच्या पहिल्याच मिनिटात त्याच्यावर ओझे टाकतो, म्हणून तो पुढे ढकलावा.

आणखी दोन शब्द केवळ टाळण्यासाठी सांगतो. ‘हिसाशिबुरि’, म्हणजे ‘बऱ्याच दिवसांनी’, हे पूर्वी प्रत्यक्ष भेटलेल्यांसाठी आहे. ‘हाजिमेमाशिते’ हे अनोळखी माणसाला प्रथम भेटताना म्हणतात; तो ते तिच्या आईला म्हणेल आणि तेथे ते अगदी बरोबर आहे, पण तिने त्याला म्हटले तर परके वाटेल. त्याऐवजी लांबच्या प्रवासाची दखल घेणारे ‘नागाताबि ओत्सुकारेसामा’ हे वाक्य ‘यात्तो आएता ने’च्या पाठोपाठ जोडावे. रात्रभराच्या विमानप्रवासाने थकलेल्या माणसाला आपले श्रम कोणीतरी पाहिले याचे समाधान त्यातून मिळते.

उच्चाराबाबत मराठी माणसाची एक सोय आहे. ‘ओत्सुकारेसामा’मधील ‘त्सु’ इतरांना जड जातो. आपण ‘चूल’ म्हणताना जो दंत्य च उच्चारतो तो त्याच्या अगदी जवळचा आहे. जोडाक्षरावर मात्र थांबलेच पाहिजे. ‘आइताकात्ता’मधील ‘त्ता’ आपल्या ‘पत्ता’सारखा दाबून म्हणावा, आणि देवनागरीत काना दिसतो म्हणून आकार लांबवू नयेत.

निरोपाची निवड अधिक कठीण आहे आणि तिची सुरुवात जागेपासून होते. मुंबईला निरोप देणाऱ्याला निर्गमनाच्या दारातच थांबावे लागते. आत जाताना तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते, मागे सामानाच्या गाड्यांची रांग असते आणि रस्त्यावर टॅक्सीवाला घाई करत असतो. हानेदा किंवा नारिता येथे सोडायला आलेली माणसे आतल्या दालनात सुरक्षा तपासणीच्या तोंडापर्यंत सोबत जाऊ शकतात, आणि नंतर वरच्या गच्चीतून विमान उडताना पाहूही शकतात. त्यामुळे त्याला सवय असलेला निरोप लांबणारा आहे, तर मुंबईचा निरोप एका दमात संपणारा आहे. लांब वाक्य अर्ध्यावर तुटेल. तेथे एका शब्दानेच काम झाले पाहिजे.

‘सायोनारा’ हा सर्वांना माहीत असलेला शब्द येथे टाळावा. शाळकरी मुले रोज सायंकाळी शिक्षकांना ‘सायोनारा’ म्हणतात हे खरे, पण प्रेमाच्या माणसांत त्याला संबंध तुटल्याची छाया आहे. ‘गेंकि दे ने’, म्हणजे ‘नीट राहा’, हे प्रेमळ आहे, पण पुन्हा केव्हा भेटू हे ठाऊक नसलेल्या माणसांच्या तोंडी ते येते; पुढची भेट ठरलेली असेल, तर ते ऐकून तो घाबरेल. ‘माता ने’, म्हणजे ‘पुन्हा भेटू’, यात धोका काहीच नाही, पण वजनही कमी आहे. कार्यालयातून बाहेर पडतानाही मित्र हेच म्हणतात.

उरतो तो ‘इत्तेराश्शाइ’, आणि खानदेशातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. घरातून निघणारा जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘जाऊन येतो’ असा शब्दशः आपल्यासारखाच आहे. मागे राहणारा ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन ये’. तो आपल्या देशी परत जात असताना तिने हे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने उलटे आहे, कारण त्याचे घर तिकडे आहे. पण नेमके म्हणूनच ते अर्थपूर्ण आहे : निघण्याची जागा येथे आणि परतण्याची जागाही येथेच. नाते तितके पक्के असेल तरच हा शब्द वापरावा. अजून काही ठरलेले नसेल, तर तो वचन मागितल्यासारखा वाटेल आणि ‘माता ने’च बरे. त्याने ‘इत्ते किमासु’ असे उत्तर दिले, तर वचन स्वीकारले गेले. नुसते हसून ‘माता ने’ म्हणाला, तर त्याला अजून वेळ हवा आहे असे समजावे आणि त्यावर दारातच वाद घालू नये. दोन्ही परिस्थितींत पाठोपाठ ‘कि ओ त्सुकेते ने’, म्हणजे ‘सांभाळून जा’, हे चालते.

आता त्याच्या बाजूने पाहू. त्याच्या पाठ्यपुस्तकात ‘मी जातो’ असेल, आणि ते तिच्या आईच्या कानाला टोचेल. निघताना ‘जातो’ म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात. ‘पुन्हा भेटू’ निर्दोष आहे, पण जपानीत नसलेला ‘भ’ त्याला अडवेल. ‘येतो, काकू’ हेच सर्वांत चांगले. येथे एक सापळा आहे. जपानी क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, आणि तो मराठी तिच्याकडून शिकला आहे. त्यामुळे तो तिच्यासारखेच ‘येते, काकू’ म्हणण्याची शक्यता मोठी आहे. दोघांनी फोनवरच हे वाक्य त्याच्या तोंडून पुरुषी रूपात म्हणवून घ्यावे. घरात अहिराणी बोलली जात असेल, तर आणखी एक वाट आहे : अहिराणीत ‘मी येस’ हे रूप स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखेच चालते, आणि ते त्याच्या तोंडून ऐकून आईला जे वाटेल ते प्रमाण मराठीने वाटणार नाही. ‘ये’ हा उच्चारही आजच्या जपानीत सहसा नाही, म्हणून तो ‘इएस’ असे काहीसे म्हणेल. ते सुधारत बसण्याची गरज नाही, कारण प्रसंगावरून अर्थ लागतो.

आगमनाच्या वेळी त्याने तिच्या आईला हात पुढे करू नये आणि ‘आई’ही म्हणू नये, लग्न ठरण्यापूर्वी ‘काकू’ किंवा ‘मावशी’ हेच शोभते. ‘नमस्कार, काकू’ एवढे म्हणून त्याने आपल्या सवयीप्रमाणे कमरेत किंचित वाकावे, म्हणजे दोन्ही रीती सांभाळल्या जातील. तिला उद्देशून तो ‘आलो एकदाचा’ म्हणू शकला, तर त्यापुढे ‘भेटून आनंद झाला’ हे पुस्तकी वाक्य अगदी फिके पडेल.

निरोपातला शेवटचा तुकडा दोन्ही भाषांत एकच आहे आणि तो विसरू नये. आई ‘पोचलास की कळव’ म्हणेल. तीच गोष्ट मुलीने जपानीत ‘त्सुइतारा रेनराकु शिते ने’ अशी सांगावी. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तो तिकडे सकाळी आठला उतरला, तर येथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. तेव्हा त्याने फोन करावा की नुसता ‘त्सुइता यो’, म्हणजे ‘पोचलो’, एवढा संदेश पाठवावा, हे दारात उभे राहण्यापूर्वीच, गाडीत असताना ठरवून घ्यावे.