नववीतल्या मुलासाठी एक्झिक्युटिव्ह फंक्शन कोचिंग: आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये विज्ञानाच्या वहीवर शेरा आला, ‘गृहपाठ दिला नाही’. आदल्या रात्री तो गृहपाठ माझ्यासमोर पूर्ण झाला होता. दप्तर उपसलं तर ती पानं तळाशी, डब्याच्या रुमालाखाली सापडली. त्या दिवशी शाळेत वह्या गोळा केल्या तेव्हा ती पानं दप्तरातच आहेत, हे त्याला आठवलंच नव्हतं.

मुलाला सातवीत असताना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याचं, निदान झालं. गोळ्या चालू आहेत, त्यांनी वर्गात लक्ष लागतं. पण काय करायचंय ते लक्षात ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं, कामाला हात घालणं आणि ते शेवटास नेणं हे सगळं तसंच राहिलं. या क्षमतांनाच एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. जुलैपासून आम्ही त्यासाठी ऑनलाइन कोचिंग घेतोय. आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं, मध्ये दोनदा दहा-दहा मिनिटांचा फोन, महिन्याला सहा हजार रुपये. खर्च मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

याआधी दुसरीकडे दोन महिने घालवले होते. तिथे रंगीत प्लॅनर दिला आणि दर आठवड्याला ध्येय कसं गाठावं यावर बोलणं झालं. प्लॅनर चार दिवस भरला गेला. कुठे काय अडतंय हे तिथे कुणी विचारलंच नाही.

आताच्या मॅडमनी पहिले तीन आठवडे काहीही शिकवलं नाही, फक्त मोजलं. शाळेत काम सांगितल्यापासून ते सरांच्या हातात पडेपर्यंत पाच टप्पे: लिहून घेणं, लागणारं पुस्तक घरी आणणं, सुरुवात करणं, पूर्ण करणं आणि देणं. वर्गातल्या एका मित्राकडून कामांची यादी घेऊन प्रत्येक काम कुठे सुटलं ते मांडलं. २२ कामांपैकी ९ शाळेत पोचली. उरलेल्या १३ पैकी ५ लिहूनच घेतली नव्हती, २ वेळा पुस्तक शाळेत राहिलं, ४ कामं पूर्ण होऊन दप्तरातच राहिली. अर्धवट सुटलेली फक्त २. हा कागद पाहून मी रडले. वर्षभर मी त्याला ‘कर ना रे अभ्यास’ म्हणून ओरडत होते, आणि अभ्यास न करणं हा त्यातला अगदी छोटा भाग होता.

मग एका वेळी एकच गळती घेतली. आधी शेवटची, कारण ती सोपी होती. एक लाल प्लास्टिकची फाइल घेतली, तिचं नाव ‘जाणारं’. पूर्ण झालेलं पान किंवा वही तिच्यात जाईपर्यंत काम झालं असं म्हणायचं नाही. फाइल दप्तरात सगळ्यात पुढे. सकाळी बाकावर बसल्यावर दप्तरातून पहिली ती काढायची, मग कंपास. तीन आठवड्यांत देण्याची गळती जवळपास थांबली. त्यानंतरच लिहून घेण्याकडे वळलो: वर्ग सुटताना डायरीत एक ओळ, आणि शेजारच्या मुलाच्या ओळीशी ताडून पाहणं.

वेळेच्या अंदाजाचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. वहीत दोन रकाने: ‘वाटतं’ आणि ‘लागला’. बीजगणिताची सहा उदाहरणं, वाटतं १५ मिनिटं, लागली ४०. मराठीचा निबंध, वाटतं अर्धा तास, लागला दीड. पण इंग्रजीचा एक स्वाध्याय तो चार दिवस टाळत होता, वाटतं एक तास, लागली १८ मिनिटं. म्हणजे चूक दोन्हीकडे होते. आवडीचं आणि ओळखीचं काम लहान वाटतं, कंटाळवाणं डोंगराएवढं. हे आकडे स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर तो म्हणाला, ‘आई, मला खरंच कळत नाही गं किती वेळ गेला ते.’

डिसेंबरमधला जलसुरक्षेचा प्रकल्प हे याचं खरं उदाहरण. पूर्वी असा प्रकल्प आदल्या रात्री अकरा वाजता आठवायचा. या वेळी मॅडमनी शेवटून मागे यायला लावलं. सोमवारी द्यायचा, म्हणजे रविवारी फाइलमध्ये. शनिवारी सुबक लिहिणं, गुरुवार-शुक्रवारी कच्चं लिखाण, त्याआधी सोसायटीच्या टाकीची माहिती. पहिली पायरी लिहिली होती ‘माहिती गोळा करणे’. मॅडम म्हणाल्या, ‘हे करताना तू मला कुठे उभा दिसशील?’ त्याला सांगता येईना. तेव्हा पायरी बदलली: ‘खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारणं, टाकी किती लिटरची.’ तो चप्पल घालून लगेच निघाला. तेव्हापासून आमच्याकडे हीच कसोटी आहे. करताना माणूस डोळ्यांसमोर येत नसेल तर पायरी अजून मोठी आहे.

आता काय बिघडलं तेही सांगते. काही आठवड्यांनी सगळं ढेपाळलं. डायरी उघडायची आठवण म्हणून लावलेला फोनचा गजर वाजायचा, तो बंद करायला फोन हातात घ्यायचा आणि पाऊण तास त्यातच जायचा. मॅडम म्हणाल्या की नव्याचे नऊ दिवस संपतात तेव्हा खूण बदलावी लागते, मुलाला बोलून उपयोग नाही. गजर काढला. दुधाचा कप सिंकमध्ये ठेवला की डायरी उघडायची, असं ठरलं. रोज होणाऱ्या गोष्टीला बांधलेली खूण टिकली. सहामाही परीक्षेत आणि दिवाळीच्या सुट्टीत मात्र सगळी घडी विस्कटली, आणि परत बसवायला दोन आठवडे लागले. त्याची तयारी ठेवा.

दुसरी अडचण माझी होती. मी आठवण करत राहिले तर त्याचं डोकं ते काम माझ्यावर सोडून देतं. म्हणून ‘होमवर्क झाला का?’ बंद, त्याऐवजी ‘पुढची पायरी कोणती?’ सुरुवातीला मी मेथी निवडत शेजारी बसायचे. कुणी नुसतं शेजारी असलं तरी त्याचं काम सुरू होतं. मग मी स्वयंपाकघरात, आता आठवड्यातून दोनदाच बसते.

या कोचिंगने गुण लगेच वाढत नाहीत. गणित कच्चं असेल तर ते वेगळं शिकवावं लागतं. उदासी, चिडचिड, झोप यांसाठी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञच हवेत. संध्याकाळी काम जास्त रखडतं हे नोंदींत दिसलं, तेव्हा मॅडमनी गोळ्यांबद्दल मत दिलं नाही, नोंदवही डॉक्टरांना दाखवायला सांगितली. मला हे फार पटलं. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलीही सरकारी नोंदणी लागत नाही, त्यामुळे निवड आपल्यालाच करावी लागते. एवढं विचारा: मुलाचं काम कुठे सुटतं हे तुम्ही कसं शोधणार, आणि माझी मदत कधी कमी करणार? दोन्हीचं नेमकं उत्तर मिळालं नाही तर पुढे जाऊ नका. मूल स्वतः यायला तयार नसेल तरीही थांबा. आमच्याकडे पहिला महिना तो कॅमेरा बंद ठेवून बसायचा. मॅडमनी त्याला हवी ती गळती निवडू दिली, तेव्हा कॅमेरा सुरू झाला.

जानेवारीत पुन्हा तीन आठवडे मोजलं. २४ कामांपैकी १९ पोचली. सुटलेल्या पाचांपैकी तीन अशी होती की शाळेने ती रात्री नऊनंतर ग्रुपवर टाकली, म्हणजे डायरीत यायला जागाच नव्हती. सध्या त्यावरच काम चाललंय: रात्री साडेनऊला ग्रुप मी बघते, आणि तो स्वतः ती ओळ डायरीत उतरवतो. दहावीत हेही त्याच्याकडे द्यायचं आहे. मार्चपासून कोचिंग पंधरा दिवसांतून एकदा करतोय.