नोकरी गेलेल्या मैत्रिणीला दिलेला कॉफी फिल्टर: सात महिन्यांनंतर

फेब्रुवारीत मैत्रिणीची हिंजवडीतली अकरा वर्षांची नोकरी गेली. लॅपटॉप आणि आयकार्ड त्याच दुपारी जमा. मी शहाणपणा केला आणि दोन हजारांचं किराण्याचं व्हाउचर घेऊन गेले. ती हसत म्हणाली, "अगं, घरातले डबे अजून रिकामे नाही झालेत." त्यानंतर आठवडाभर तिने माझा फोन उचलला नाही.

मग दोन कपांचा स्टीलचा फिल्टर आणि पाव किलो पावडर दिली. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना देतो तेवढ्याच किमतीचं. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. ऑफिसात रोज अकराला ती कँटीनची फिल्टर कॉफी प्यायची, म्हणून हे सुचलं. चहाबाज माणसाला दिला असता तर माळ्यावरच गेला असता.

पहिले आठ दिवस वैतागाचे. मी हौसेने बारीक दळून आणलेली पावडर भोकांत बसली. वीस मिनिटं झाली तरी खालच्या भांड्यात चमचाभरच काढा. वरचं भांडं गॅसच्या मंद आचेवर धरून अडकलेली पूड जाळली, सुईने भोकं मोकळी केली. पुढच्या वेळी दुकानात "फिल्टरसाठी" असं सांगून जरा जाडसर दळून घेतली. आता तीन चमचे पावडर, वरून दांड्याची चकती हलकेच दाबायची आणि उकळतं पाणी. पंधरा मिनिटांत दाट काढा उतरतो. दोन मिनिटांतच पाणी खाली गेलं तर पावडर जाड आहे किंवा चकती नीट दाबलेली नाही.

ही पंधरा मिनिटं तिला फार उपयोगी पडली. अर्ज भरता भरता उठायला निमित्त, आणि सासूबाईंचं "काही कळलं का गं?" यायच्या आत ओट्याशी काहीतरी काम. गुरुवारी मी घरून काम करते, तेव्हा अकराला तिच्याकडे जाते. नोकरीचा विषय तिने काढला तरच.

पावडर मुद्दाम एका वेळी दोनशे ग्रॅमच आणते. जास्त आणली की वास उडतो, आणि संपली की जायला कारणही मिळतं. तिसऱ्या वेळी मात्र तिने अडवलं: "या वेळची माझी." तेव्हापासून आळीपाळीने. मला सगळ्यात हलकं वाटलं ते तेव्हा.

तक्रारी? मे महिन्यात दोन मुलाखती हुकल्या तेव्हा फिल्टर पंधरा दिवस रॅकवर पालथा होता. मी विचारलं नाही, तिच्याकडचा चहा प्यायले. झाकण पडून चेपलंय, घट्ट बसत नाही. सध्या तिला सहा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालंय, घरूनच. गुरुवारची वेळ साडेअकरा झाली, कारण अकराला तिची मीटिंग असते.