फेड टक्केवारी, वर्षभर वापरून: 18, 15 की 13?

माझ्या धावण्याच्या अ‍ॅपच्या नूतनीकरणाचा मेल आला: 1,800 रुपये भरा, नाहीतर 'पेसिंग विश्लेषण' बंद. या विश्लेषणातला मी वापरतो तो आकडा एकच. शर्यतीच्या पहिल्या अर्ध्यापेक्षा दुसऱ्या अर्ध्यात मी किती टक्के ढेपाळलो, म्हणजे फेड. एका वजाबाकीचे आणि एका भागाकाराचे 1,800 रुपये द्यायला हात धजेना. तेव्हा लिहूनच टाकतो.

भांडण गेल्या वर्षीच्या जानेवारीत सुरू झालं. मुंबईची फुल मॅरेथॉन, चिप टाइम 4:31:40. संध्याकाळी पाय बादलीत सोडून बसलो होतो, तेव्हा अ‍ॅपने सांगितलं की फेड 13 टक्के. माझी वही सांगत होती 18. पाच टक्क्यांचा फरक! सपोर्टला तीन मेल टाकले. तिन्ही वेळा तेच उत्तर: 'सर, कृपया घड्याळ अपडेट करा.' केलं. 13 चे 13च राहिले.

चूक शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि जास्तीची चूक माझीच निघाली. मी घड्याळात 21.1 किलोमीटर, म्हणजे अर्धं अंतर, दिसल्याबरोबर लॅपचं बटण दाबलं होतं. पण 42.195 किलोमीटरची शर्यत संपली तेव्हा घड्याळ 42.80 दाखवत होतं. वळणं बाहेरून घेतलेली, पाण्याच्या टेबलांकडे तिरके गेलेलो, उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटलेलं. म्हणजे घड्याळात 21.1 झाले तेव्हा मी खरं तर 20.8 वर होतो. माझा 'पहिला अर्धा' 300 मीटर आखूड आणि 'दुसरा अर्धा' तितकाच लांब. लॅप सांगत होता 2:04:33, तर बिबवरच्या चिपची नोंद घेणाऱ्या रस्त्यावरच्या चटईने अर्ध्याची वेळ दिली होती 2:06:20. चटईची वेळ घेतली तर दुसरा अर्धा 2:25:20, फरक बरोबर 19 मिनिटं:

```
=(B2-A2)/A2*100
```

A2 म्हणजे पहिल्या अर्ध्याची वेळ, B2 दुसऱ्याची. उत्तर 15. माझ्या 18 मधले तीन टक्के नुसते बटणाचे होते. ज्यांच्याकडे चटईची वेळ आहे त्यांनी घड्याळाचं बटण विसरावं, एवढं मी ठासून सांगेन, आणि आमच्या ग्रुपमध्ये इतक्यांदा सांगितलंय की आता लोक विषय बदलतात.

उरले दोन टक्के. अ‍ॅप वेळ किती वाढली ते मोजत नाही, वेग किती घटला ते मोजतं. 126 मिनिटांच्या जागी 145 मिनिटं लागली म्हणजे वेळ 15 टक्के वाढली, पण वेग 13 टक्केच घटला. दोन्ही बरोबर. हे एका ओळीत सांगता आलं असतं तर तीन मेल वाचले असते. फेड छोटा असला की दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, मोठा झाला की फाकतात. दुसऱ्या कोणाशी तुलना करायची तर आधी विचारा, वेळेचा की वेगाचा.

फेब्रुवारीत मी या आकड्याच्या प्रेमात होतो. 15 टक्के म्हणजे जोरात सुटलो, पुढच्या वेळी पाचाच्या आत आणायचं, असा सरळ हिशेब. हे मत पुढे दोनदा बदललं.

पहिल्यांदा बदललं पाच-पाच किलोमीटरच्या वेळा मांडल्या तेव्हा. पहिले पाच 29:10, पुढे 29:25, 29:55, आणि 15 ते 20 मध्येच 30:45. म्हणजे घसरगुंडी अर्ध्याच्या आधीच सुरू झालेली. त्यानंतर 32:20, 33:30, 35:10, 36:30. पहिला अर्धा स्वतःच शेवटाकडे ढिला पडल्यामुळे तुलनेचा पायाच खचला होता, आणि 15 हा आकडा सौम्य दिसत होता. पहिल्या पाच किलोमीटरशी 35 ते 40 चा टप्पा ताडून पाहिला तर घसरण 25 टक्के! आमच्या ग्रुपमधले एक काका त्याच दिवशी 15 टक्क्यांनीच ढेपाळले, पण त्यांचं वेगळं होतं. तिसाव्या किलोमीटरपर्यंत दोरीत चालल्यासारखे, मग एकदम वॉल, चालत-चालत शेवट. त्यांचं इंधन संपलं. मी पहिल्या पाचातच, अंधार आणि गारवा होता तोवर, किलोमीटरला 5:50 ने सुटलो आणि ऊन चढेल तसा हप्त्याहप्त्याने फेडत गेलो. (फेड शब्दाचा हा मराठी अर्थ मला फार आवडतो.) टक्केवारी दोघांची एक. उपाय वेगळे: त्यांना जेल वेळेवर घ्यायचे होते, मला पहिले दहा किलोमीटर जिभेवर ताबा ठेवायचा होता, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच पळायचं. आणखी एक, शौचालयाच्या रांगेत तीन मिनिटं गेली की दोन-अडीच टक्के आपोआप चढतात. त्यांचा पेसिंगशी संबंध नाही.

दुसऱ्यांदा मत बदललं साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला. पहिला अर्धा 1:12:40, दुसरा 1:04:10, फेड उणे 11.7. अ‍ॅपने हिरवा बिल्ला दिला, 'उत्कृष्ट संयम'! अहो, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचं. संयम कसला, उतार होता तो. दोन्ही अर्ध्यांत चढ-उतार सारखे नसतील तर हा आकडा वाचूच नये. मुंबईतही पेडर रोडची चढण शेवटच्या टप्प्यात येते आणि तोवर उन्हं वर आलेली असतात. त्यामुळे तिथे शून्य फेडची अपेक्षा मी आता ठेवत नाही. त्याच शर्यतीतला स्वतःचा मागचा आकडा, बस्स, एवढीच तुलना.

सगळ्यांसाठी एकच रेषा नसतेच मुळी. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचा विश्वविक्रम केला, त्यात पहिली फेरी 49.28 सेकंद आणि दुसरी 51.63, म्हणजे फेड पावणेपाच टक्के. त्याच देशाच्या एलिउड किपचोगेने 2022 च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये 2:01:09 चा त्या वेळचा विक्रम केला, तेव्हा अर्धे 59:51 आणि 61:18, फेड 2.4. अंतर बदललं की 'चांगला' आकडाही बदलतो.

यंदा जानेवारीत पुन्हा मुंबई. या वेळी पहिल्या दहा किलोमीटरमध्ये लोकांनी भराभर मागे टाकलं, त्यात पांढऱ्या केसांचे एक आजोबाही होते. तरी गप्प राहिलो. चटईवर अर्धा 2:11:30. दुसरा 2:20:00. फेड साडेसहा. पेडर रोड या वेळी पूर्ण पळत चढलो, गेल्या वर्षी तिथे कठड्याला धरून उभा होतो.

एकूण वेळ 4:31:30. वर्षभर आकडेमोड करून कमावले ते दहा सेकंद. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "दहा सेकंद तर तुम्ही बुटाची लेस बांधताना घालवता." खरंय. पण या वेळी दुसऱ्या दिवशी जिना सरळ तोंडाने उतरलो, गेल्या वर्षी उलटा उतरत होतो.

अ‍ॅपने फेड 6.1 दाखवला. वहीत 6.5 आहे, आणि आता का ते मला ठाऊक आहे. 1,800 रुपये भरले नाहीत.