सरासरीतला फरक की डीपीओ?

भावाच्या चढ-उतारातली चक्रं शोधायला आजच्या भावातून सरासरी वजा करावी, की डीपीओ, म्हणजे ट्रेंड काढून टाकणारा डीट्रेंडेड प्राइस ऑसिलेटर, घ्यावा? समजा, शेअर रोज 2 रुपयांनी सरळ चढतोय आणि आज 500 वर आहे. 20 दिवसांची साधी सरासरी 481 येते, कारण तिचा मध्य साडेनऊ दिवस मागे असतो. आजच्या भावातून ती वजा केली तर कायम 19 उरतात. हा निव्वळ ट्रेंड, चक्र नव्हेच.

डीपीओ 11 दिवसांपूर्वीचा भाव, म्हणजे 478, घेऊन त्यातून तीच सरासरी वजा करतो. फरक उणे 3, शून्याच्या जवळ. म्हणूनच तो मागे सरकवलेला असतो. तळ ते तळ दिवस मोजायला मी डीपीओच घेईन. मात्र 20 दिवसांहून बरीच लांब चक्रं त्यात पुसट होतात, आणि मागे सरकवून काढलेली रेघ 11 दिवस आधीच थांबते. आजच्या खरेदी-विक्रीला साधा फरकच बरा.